सहा जणांचा शब्दसंग्रह

आदिलाबाद जिल्ह्याच्या उतनूर भागात गोंडी, कोलामी, मराठी आणि तेलुगू या चार भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. अशा मुलखात एखाद्या गावच्या चारसहा माणसांनी मिळून आपल्या बोलीचा लहानसा शब्दसंग्रह करावयाचे ठरविले, तर ते काम कसे वाटून घ्यावे आणि वाटेत मतभेद झाले तर ते कसे मिटवावे, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू. शब्दसंग्रह हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. ज्याला शब्द येतात त्याला बहुधा लिहिता येत नाही, आणि ज्याला लिहिता येते त्याला शब्द येत नाहीत, असे हे काम आहे. येथे कोणीच एकटा पुरा पडत नाही.

या भागाला अशा कामाचा जुना अनुभव आहे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीमाच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला गोंडांच्या परिस्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. ते आणि त्यांच्या पत्नी बेटी मारलवाई या गोंड खेड्यात राहिले, आणि १९४३ साली तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. पुस्तके कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत असावीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहिला असणार. राज्याची भाषा उर्दू होती, जिल्ह्यात तेलुगू होती, आणि गोंडांचा शेजाऱ्यांशी व्यवहार बराचसा मराठीत चाले. पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत झाली. यामागचे कारण साधे होते. शिक्षक होऊ शकतील अशा ज्या मोजक्या गोंडांना थोडेफार लिहितावाचता येत होते, त्यांची अक्षरओळख मराठीतून झालेली होती. लिपी हाताशी असलेल्या माणसांकडे पाहून निवडली गेली. कोणती लिपी श्रेष्ठ, हा वाद घालून नव्हे. पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, शाळांत तेलुगू आली, आणि तो निर्णय मागे पडला. तेव्हाचा निर्णय चुकला असे यावरून म्हणता येत नाही. ज्या माणसांसाठी तो घेतला होता ती परिस्थिती बदलली, एवढेच.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. समजा, उतनूर भागातील एका गावी सहा जण एकत्र आले आहेत. एक वृद्ध गोंड आजी आहेत. शेत, बियाणे, रानभाजी आणि स्वयंपाक यांचे शब्द त्यांच्या जिभेवर आहेत, पण अक्षरओळख नाही. दुसरे एक प्रधान समाजाचे आजोबा. आदिलाबादकडचे प्रधान घरी मराठी बोलतात, पण किकरी वाजवून गोंडांच्या देवांच्या कथा गोंडीत गातात; तेव्हा सामान्य गोंडाला ऐकूनच माहीत असलेले जुने शब्द त्यांना अर्थासह ठाऊक असतात. तिसरे गुरुजी, तेलुगूतून शिकलेले. चौथा मराठी शाळेत शिकलेला तरुण. त्याचे नातलग पैनगंगेपलीकडे आहेत. पाचवी महाविद्यालयात शिकणारी मुलगी. तिला दूरध्वनीवर आवाज मुद्रित करणे आणि टंकलेखन येते. सहावा गटप्रमुख, त्याला सर्वांच्या भाषा थोड्याथोड्या येतात, कोणतीच पुरी येत नाही. प्रमुखाला हा गुण वाटतो त्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण त्याला प्रत्येक गोष्ट विचारावीच लागते.

काम वाटण्याची पहिली कल्पना सर्वांना एकच सुचते. अक्षरे वाटून घ्यावीत. तू ‘क’पासून ‘ञ’पर्यंत, मी ‘ट’पासून पुढे. कागदावर ही वाटणी समान दिसते. प्रत्यक्षात ती पहिल्याच बैठकीत मोडते. आजींना ‘प’ने सुरू होणारा शब्द विचारून उपयोग नाही. त्यांच्या मनात शब्द अक्षरांच्या क्रमाने नसतात, प्रसंगांच्या क्रमाने असतात. पेरणीची गोष्ट काढली की नांगराच्या प्रत्येक भागाचे नाव एकामागून एक येते. म्हणून वाटणी विषयांची करावी. शेत, धान्य, घर आणि स्वयंपाक आजींकडे. नाती, देवकार्य, वाद्ये आणि कथा आजोबांकडे. आणि प्रत्येक बोलणाऱ्याबरोबर एक लिहिणारा बसवावा. असे दोन जोड झाले. मुलगी दोघांकडे आलटूनपालटून बसून आवाज मुद्रित करील.

एका शब्दाला एक चिठ्ठी. तीवर शब्द, अर्थ, बोलणाऱ्याच्याच तोंडचे एक वाक्य, गाव, बोलणाऱ्याची खूण, आणि मुद्रणाचा क्रमांक. यांतील वाक्य आणि क्रमांक घाईत सर्वांत आधी गळतात, आणि पुढे वाद झाला म्हणजे नेमके त्यांचेच काम पडते. बैठक तासाभराहून अधिक नसावी. एका बैठकीत तीस शब्द झाले तर ते चांगले काम समजावे. दोन जोड, आठवड्यातून दोन बैठका, म्हणजे आठवड्याला एकशेवीस चिठ्ठ्या. पाच आठवड्यांत सहाशे. त्यांतील एकाच शब्दाच्या दोनदा आलेल्या आणि संशयित चिठ्ठ्या वगळून साडेचारशे उरतील असे धरावे, आणि तपासणीला आणखी दोन आठवडे ठेवावेत. हे सात आठवडे दिवाळीच्या सुमारास धरू नयेत, कारण तेव्हा दंडारीची मंडळी गावोगाव फिरतात. पौष अमावास्येच्या सुमारासही नको, कारण तेव्हा केसलापूरला नागोबाची जत्रा असते. वृद्ध माणसे तेव्हा घरी मिळणार नाहीत, आणि प्रमुखाने वेळापत्रक करताना ज्ञान कोणाजवळ आहे ते आधी पाहावयाचे असते.

येथवर सर्व सुरळीत दिसते. बिघाड सुरू होतो तो आवाज न करता. लिहिणारे शिकलेले असतात, बोलणाऱ्यांना अक्षर येत नसते. चार दिवसांत लिहिणारा आपणच अर्थ सुचवू लागतो आणि आजी ‘होय बाबा’ म्हणू लागतात. चिठ्ठ्या भराभर भरतात आणि प्रमुखाला वाटते, गाडी वेगाने चालली आहे. हा वेगच धोक्याची खूण आहे. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. आठवड्याच्या अखेरीस दहा चिठ्ठ्या घेऊन आजींना अर्थ वाचून दाखवावे, आणि त्यांत दोन अर्थ जाणून चुकीचे घालावे. आजींनी हसून ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारले, तर काम ठीक आहे. त्यांनी त्या दोहोंनाही होकार दिला, तर त्या आठवड्याच्या सर्व चिठ्ठ्या दुसऱ्या जाणत्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्याव्या, आणि जोड बदलावा. हे करताना डाव काय होता ते आजींना लगेच सांगावे. नाही तर ती त्यांची परीक्षा घेतल्यासारखे होते, आणि परीक्षा तर लिहिणाऱ्याची असते. प्रश्न विचारण्याची रीतही तपासावी. मराठी शब्द समोर ठेवून ‘याला गोंडीत काय म्हणतात?’ असे विचारीत गेले, तर माणूस सौजन्याने काहीतरी शब्द बनवून देतो. त्याऐवजी वस्तू हातात द्यावी, किंवा ‘पाणी आणावयास काय काय लागते?’ असे विचारावे.

जोड दर आठवड्याला बदलण्यात आणखी एक लाभ आहे. लिहिणाऱ्यांच्या सवयी उघड होतात. पाण्याला गोंडीत जो शब्द आहे तो एक जण ‘एर’ लिहितो, दुसरा ‘येर’ लिहितो. झाडाचा शब्द एकाला ‘मडा’ ऐकू येतो, दुसऱ्याला ‘मरा’. कारण तो मधला उच्चार मराठीच्या ‘ड’शी आणि ‘र’शी, दोहोंशी जवळचा आहे पण दोहोंपैकी एकही नाही. दोघे एकाच जागी बसून लिहीत असते तर हा भेद कळला नसता. संग्रहात एक शब्द दोन ठिकाणी गेला असता. भेद दिसला की त्यावर भांडत बसू नये. एक रूप मुख्य ठरवावे, दुसऱ्या रूपापुढे ‘पाहा’ असे लिहून पहिल्याकडे बोट दाखवावे, आणि टंकलेखन करणाऱ्या मुलीला एक सक्त नियम द्यावा: चिठ्ठी चुकीची वाटली तर दुरुस्त करावयाची नाही, प्रश्नचिन्ह करून परत पाठवावयाची.

आता खऱ्या वादाकडे येऊ. हा वाद लिपीचा आहे, आणि तो कोणत्याही गोंडी गटात होणारच. मराठी शिकलेला तरुण म्हणतो, देवनागरी घ्या. मारलवाईची पुस्तके तीतच होती आणि पैनगंगेपलीकडचे आप्त तीच वाचतात. गुरुजी म्हणतात, मुले शाळेत तेलुगू शिकतात. त्यांना वाचता न येणारे पुस्तक कोणासाठी? मुलगी म्हणते, आपली स्वतःची लिपी असताना उसनी कशाला? तिचेही म्हणणे पोकळ नाही. आदिलाबादच्याच नारनूर मंडलातील गुंजाळा गावी २००६ साली जुन्या हस्तलिखितांतून एक वेगळी गोंडी लिपी अभ्यासकांच्या नजरेस आली. ती वाचू शकणारी वृद्ध माणसे अगदी थोडी उरली होती. त्यांच्याजवळ बसूनच हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. २०१८ साली संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात तिला स्थान मिळाले. तत्पूर्वी २०१७ साली, बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तयार केलेल्या दुसऱ्या एका गोंडी लिपीलाही ते मिळाले होते.

तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि म्हणूनच चर्चेने हा वाद मिटत नाही. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. पैनगंगेपलीकडे कोण वाचील, मुलांना काय वाचता येते आणि आपले काय आहे, हे तीन प्रश्न आहेत. प्रमुखाने मतदान घेऊ नये; सहा जणांत तीन मते एका बाजूला पडली तर उरलेले तीन चिठ्ठ्या भरतील, पण मन लावून भरणार नाहीत. प्रमुखाने आधी विचारावे, ‘हे पुस्तक पहिल्या वर्षी कोणाच्या हातात पडावयास हवे?’ या एका प्रश्नाचे उत्तर एकमताने आले की मग चाचणी घ्यावी.

चाचणी अशी. वीस शब्द तिन्ही लिप्यांत लिहावयाचे. गटाबाहेरचे वाचक बोलवावयाचे. एक शाळकरी मुलगा, एक मराठी वाचणारा पाहुणा, आणि मिळाला तर गुंजाळा लिपी शिकलेला कोणी. प्रत्येकाने आपल्याला येणाऱ्या लिपीतून शब्द मोठ्याने वाचावयाचे, आणि आजींनी कागद न पाहता अर्थ सांगावयाचा. आजींना अर्थ लागला म्हणजे लिपीने काम केले. या चाचणीचा मोठा गुण असा की तीत निवाडा देणारी व्यक्ती निरक्षर आहे, आणि म्हणून कोणत्याही लिपीची तिला ओढ नाही.

या चाचणीत काय शोधावयाचे तेही आधी ठरवावे. तेलुगूत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांना वेगळी अक्षरे आहेत, तसेच ‘ओ’लाही. तेलुगूत ऱ्हस्व उच्चाराने ‘मेड’ म्हटले तर मान, आणि दीर्घ उच्चाराने म्हटले तर माडी. आपण मराठीत देवनागरी लिहितो तशी लिहिली तर दोन्ही शब्द एकच दिसतात. हा भेद दाखविणारी खास चिन्हे देवनागरीत आहेत, पण मराठी शाळेत ती कोणी शिकवीत नाही. आता आपल्या गावच्या गोंडीत हा भेद अर्थ बदलण्याइतका महत्त्वाचा आहे काय? हे गुरुजींच्या किंवा तरुणाच्या मतावर सोडू नये. अशा शब्दांच्या जोड्या मुद्रणातून काढाव्या, आजींना आणि आजोबांना वेगवेगळे बसवून ऐकवाव्या, आणि ते न चुकता दोन अर्थ सांगतात का ते पाहावे. दोघेही सांगत असतील तर देवनागरीत खास चिन्ह वापरावेच लागेल. सांगत नसतील तर वाद संपला.

समजा, चाचणीत असे दिसले की मुलाने तेलुगूतून आणि पाहुण्याने देवनागरीतून बहुतेक शब्द नीट वाचले, आणि गुंजाळा लिपीचा वाचक गावात मिळालाच नाही. तर शब्द तेलुगू आणि देवनागरी अशा दोन लिप्यांत शेजारी शेजारी छापावे. तिन्ही का नाहीत, असे मुलगी विचारील. तिला उत्तर हिशेबाने द्यावे. साडेचारशे शब्दांची दोन लिप्यांत मुद्रिते तपासावयाची म्हणजे नऊशे नोंदी. तिसरी लिपी घेतली तर साडेतेराशे, आणि त्यांतील साडेचारशे तपासू शकणारा माणूस गटात नाही. न तपासलेली लिपी छापणे हा त्या लिपीचा मान नव्हे. पण प्रत्येक शब्दाला मुद्रणाचा कायम क्रमांक आहे. मूळ संग्रह म्हणजे आजींचा आणि आजोबांचा आवाज. लिपी हे त्याचे वस्त्र. उद्या तपासणारा मिळाला की त्याच क्रमांकांना तिसरी लिपी जोडता येईल. तिचे मत प्रस्तावनेत तिच्या शब्दांत छापावे. हरलेल्या बाजूला एवढे मिळाले तर ती काम सोडून जात नाही.

यातून एक भेद ध्यानात येतो. काही निर्णय पुन्हा बदलता येतात, काही येत नाहीत. लिपी बदलता येते, क्रम बदलता येतो. पण ज्या बैठकीत आवाज मुद्रित केला नाही आणि ज्या आजी पुढच्या वर्षी नाहीत, ती बैठक परत येत नाही. म्हणून बदलता येणाऱ्या गोष्टीवर वाद लांबला तर प्रमुखाने तात्पुरता निर्णय देऊन काम पुढे न्यावे, आणि न बदलणाऱ्या गोष्टीवर मात्र थांबावे. व्यवहारात बहुधा उलट घडते. लिपीवर महिनाभर बैठका होतात आणि मुद्रण ‘नंतर पाहू’ म्हणून राहते.

दुसरा वाद शुद्धतेचा. गावच्या मुखियाला आदिलाबादचे गोंड ‘पटला’ म्हणतात. आजोबा म्हणतात, हा शब्द मराठीच्या ‘पाटला’चा भाऊ दिसतो, गोंडी कोशात तो कशाला? आजी म्हणतात, मग पटलाला आम्ही हाक तरी काय मारावी? असे शब्द काढावयास लागलो तर संग्रहात देवांची नावे राहतील आणि बाजार राहणार नाही. येथेही प्रश्न शब्दाचा नसून पुस्तकाच्या हेतूचा आहे. आज बोलली जाणारी भाषा मुलांना दाखवावयाची असेल तर शब्द राहील. त्यापुढे शेजारच्या भाषेची खूण येईल, आणि जुना शब्द कोणाला आठवत असेल तर तोही खाली येईल. आजोबांचे जुने शब्द अशा रीतीने सुरक्षित राहतात, आणि आजींची रोजची भाषाही.

म्हणून प्रमुखाने पहिल्याच बैठकीत एका कागदावर चार ओळी लिहून सर्वांना वाचून दाखवाव्या. अर्थाबाबत अखेरचा शब्द बोलणाऱ्याचा. लेखनाबाबत अखेरचा शब्द ठरलेल्या नियमाचा, आणि नियम लिहिणारे दोघे मिळून करतील. शब्द घ्यावा की न घ्यावा, हे पुस्तकाच्या हेतूवरून सर्व जण ठरवतील. वेळेबाबत अखेरचा शब्द प्रमुखाचा. वाद झाला की आधी विचारावयाचे, हा यांतील कोणत्या ओळीचा वाद आहे? पुष्कळ भांडणे इतक्यावरच विरतात, कारण गुरुजी अर्थावर बोलत होते आणि तो अधिकार आजींचा होता, हे गुरुजींच्याच ध्यानी येते.

या रीतीला मर्यादाही आहेत. दोन बोलणाऱ्यांवर उभा राहिलेला संग्रह हा त्या दोघांचा संग्रह आहे. शेजारच्या खोऱ्यात तोच शब्द निराळा असेल. त्याला ‘गोंडी कोश’ म्हणू नये. गावाचे नाव त्यावर घालावे. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या मराठी अधिकाऱ्याने याच भागात राहून गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिली. ते एका अभ्यासू माणसाचे काम होते, आणि तशी माणसे विरळा. सहा सामान्य माणसांचे काम निराळ्या रीतीने चालते. त्यात कोणालाही सर्व काही यावे लागत नाही. आपल्याला काय येत नाही आणि ते कोणाला येते, एवढे मात्र प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. छापलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर सहाही नावे सारख्याच अक्षरात असावीत, आणि पहिली प्रत वाचून दाखवावयाची ती आजींना.